समोरच्यासारखं बोलतो, मग माझं स्वतःचं काय?

"मॅडम, मी सांगलीचा, रूममेट नागपूरचा. त्याच्याशी बोलताना मीपण 'करून राहिलो', 'येऊन राहिलो' म्हणायला लागलो. परवा तो चिडला, 'माझी नक्कल करतो का बे?' मला खरंच कळत नाही कधी होतं ते. मला स्वतःचं असं काही नाहीच का?"

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पुण्यात नोकरीला येऊन त्याला तीनच महिने झाले होते. तो बोलत असताना मी खुर्चीत मागे रेलले आणि पेन हनुवटीला टेकवलं. थोड्याच वेळात तोही मागे टेकला, बोट हनुवटीवर. मी दाखवून दिलं, तर त्याने चोरी पकडल्यासारखा हात खाली घेतला.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या टॅन्या चार्ट्रंड आणि जॉन बार्ग यांनी 1999 मध्ये हेच तपासलं होतं. दोन अनोळखी माणसं बसून फोटोंचं वर्णन करायची. त्यातला एक संशोधकांचाच माणूस, मुद्दाम पाय हलवणारा किंवा चेहरा चोळणारा. समोरचाही नकळत तेच जास्त करू लागायचा. दुसऱ्याच्या जागी उभं राहून विचार करायची सवय असलेल्यांत हे अधिक दिसलं. एखादी हालचाल पाहिली किंवा लकब ऐकली, की ती करायची तयारी आपल्या आत आपोआप होते. त्यात नव्या जागी आपलंसं व्हायची ओढ असली, की ती पटकन बाहेर येते.

मी त्याला दोन आठवडे वहीत दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या: कोणाशी बोलताना ढब बदलली, आणि तेव्हा मतही बदललं का?

पहिले चार दिवस त्याने भलतंच केलं. नक्कल होऊ नये म्हणून हात मांडीखाली दाबून बसायचा. सगळं लक्ष स्वतःवर, समोरचा काय म्हणाला ते निसटायचं. मित्राने विचारलं, "रागावलायस का?" मग ते सोडलं आणि नुसतं टिपत गेला.

वही बोलकी निघाली. बहिणीशी बोलताना ढब जवळपास बदललीच नव्हती. रूममेटचे शब्द आणि टीम लीडचा भरभर बोलण्याचा वेग मात्र उचलला होता. मत एकाच ठिकाणी वाकलं होतं: लीडने शनिवारी काम सांगितलं आणि मनात नसताना हा 'हो, करतो' म्हणाला. मला काळजी वाटली ती या एका नोंदीची. 'राहिलो'ची नाही.

रूममेटला त्याने सरळ सांगितलं, "चिडवत नव्हतो, माझ्या तोंडात बसतं ते." तो म्हणाला, "अरे, मीपण घरी फोनवर 'व्हय' म्हणून राहिलो."

शनिवारचं अजून चालू आहे. "शनिवारी जमणार नाही, सोमवारी दुपारपर्यंत देतो," हे वाक्य तो माझ्यासमोर म्हणून बघतो. म्हणतो लीडच्याच वेगात. तो वेग मी बदलायला सांगितलेला नाही.