डिलिव्हरीवाल्याला पत्ता सापडत नाही

नवीन भागात राहायला आलोय. लोकेशन देऊनही डिलिव्हरीवाला मागच्या गल्लीत जातो. काय करू?

पिन घरावर ठेवू नका, ज्या गेटमधून आत यायचं त्याच्या बाहेरच्या रस्त्यावर सरकवा. नकाशा साधारणपणे पिनला सर्वांत जवळ असलेल्या रस्त्यावर नेऊन सोडतो. घर मागच्या कुंपणाला लागून असेल तर तो रस्ता मागची गल्लीच. मधली भिंत त्याला दिसत नाही! पिन टाकताना गेटपाशी उघड्यावर उभे राहा, घरात जीपीएस भरकटतं. सूचनेत खूण आणि वळण दोन्ही लिहा: ‘पाण्याच्या टाकीनंतर पहिलं डावं वळण, निळं गेट.’ फोन आलाच तर आधी ‘समोर काय दिसतंय?’ विचारा आणि तिथून पुढचा रस्ता सांगा. मात्र ऑर्डर निघाल्यावर बदललेली पिन त्याच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही, तेव्हा फोनवरच सांगावं लागेल.