बोगद्यात गाडी बंद पडली तर

प्रश्न: लांब बोगद्यात गाडी अचानक बंद पडली तर आत बसून राहायचं की उतरायचं? अरुंद पुलावरही तेच करायचं का?

उतरायचं, पण आधी गाडी जमेल तितकी कडेला किंवा आपत्कालीन थांब्यात घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि इंजिन बंद करा. उतरताना मागची वाहनं बघून कडेच्या पदपथावर या आणि मोबाइलऐवजी भिंतीवरचा आपत्कालीन फोन वापरा. त्यावरून नियंत्रण कक्षाला तुमची जागा लगेच कळते आणि ती लेन बंद करता येते.

पुढे धूर दिसला तर चावी गाडीतच ठेवा, म्हणजे बचाव पथकाला गाडी हलवता येईल, आणि हिरव्या फलकाच्या दिशेने चालत बाहेरच्या दाराकडे निघा. गाडी वळवू नका, रिव्हर्सही घेऊ नका. १९९९ मध्ये फ्रान्स आणि इटलीला जोडणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्याच्या आगीत ३९ जण गेले, त्यांतले बरेच जण गाडीतच थांबले होते. आग दूर वाटली तरी विषारी धूर फार लवकर पोहोचतो.

आत दिवे असले तरी लो बीम हेडलाइट चालूच ठेवावेत आणि अखंड रेषा असेल तिथे ओव्हरटेक करू नये, हे खरं तर याच कारणासाठी: थांबलेली गाडी वेळेत दिसायला हवी आणि समोरून कोणी चुकीच्या लेनमध्ये नको.

अरुंद पुलाचं मात्र वेगळं. तिथे उभं राहायला कडेला जागाच नसते, त्यामुळे गाडी थोडीही सरकत असेल तर ती पूल ओलांडूनच थांबवा.