डिलीट केलेलं लगेच जात नाही, नंतरच्या वापराने जातं

प्रश्न: "डिस्क साफ करताना चुकून फोटोंचा फोल्डर शिफ्ट-डिलीट झाला. परत मिळेल का? तोपर्यंत लॅपटॉप वापरत राहिलो तर चालेल का? कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?"

नाही चालणार. लॅपटॉप आत्ता बंद करा आणि पुढचं फोनवर वाचा.

आमच्या घरी हेच झालंय म्हणून एवढं ठासून सांगतोय. दोन उन्हाळे गावी बसून मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. 54 WAV फाइल्स, एकेक साधारण 170 एमबीची, सगळ्या मिळून 9 जीबी. लॅपटॉपची डी ड्राइव्ह 300 जीबीची आणि त्यात जेमतेम 4 जीबी रिकामी, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत साफसफाईला बसलो. Recorder नावाचे दोन फोल्डर दिसले, एक कॉपी असणार असं समजून इतर जुन्या सामानासोबत शिफ्ट-डिलीट केला, आणि दुसरा उघडला तर त्यात नुसते शॉर्टकट. एकूण 26 जीबी उडालं होतं. मला काही सुचेना, तर दादा म्हणाला, "गेलं ते गेलं, आता जागा झालीये तर लग्नाचा व्हिडिओ टाकून घेतो." आणि त्याने पेन ड्राइव्ह लावून 18 जीबी त्याच डी ड्राइव्हवर कॉपी केलं.

दादाचं आजही म्हणणं आहे की डिलीट केलं तेव्हाच सगळं गेलं, व्हिडिओने काही फरक पडला नाही. हे साफ चूक आहे. हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली की विंडोज तिच्या नोंदीवर 'ही आता वापरात नाही' एवढी खूण करतं आणि तिची जागा मोकळी म्हणून मांडून ठेवतं. आतला डेटा जिथल्या तिथे असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. आता हिशोब बघा. आधीची मोकळी जागा 4 जीबी, व्हिडिओ 18 जीबी, म्हणजे कमीत कमी 14 जीबी तरी मी नुकत्याच डिलीट केलेल्या सामानावरच लिहिलं गेलं, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. आणि माणूस साफसफाई करतो तीच मुळी डिस्क भरल्यावर, त्यामुळे तुमच्याकडेही बहुतेक हेच चित्र असेल.

54 पैकी 21 फाइल्स पूर्ण परत आल्या, 11 अर्धवट, 22 गेल्या. डिलीट करतानाच सगळं गेलं असतं तर त्या 21 कुठून आल्या? अर्धवट म्हणजे काय ते सांगतो. फाइलचं नाव बरोबर, साइज बरोबर, लांबी 17 मिनिटं दाखवतेय. आजी "पहिली माझी ओवी" म्हणून सुरू करते, मागे जात्याची घरघर, आणि साडेसहाव्या मिनिटाला एकदम कानठळ्या बसवणारी खरखर, ती शेवटपर्यंत. तो आवाज म्हणजे व्हिडिओचा डेटा आहे. फोटोत हेच वरचा भाग नीट आणि खाली राखाडी पट्टा किंवा रंगांचे पट्टे असं दिसतं, म्हणून सॉफ्टवेअरच्या यादीत नाव आलं म्हणजे फाइल मिळाली असं समजू नका, एकेक उघडून बघा.

तुम्ही काही कॉपी करत नसलात तरी विंडोज गप्प बसत नाही, अपडेट उतरतात, ब्राउझर कॅशे लिहितो, ठरलेल्या वेळी डीफ्रॅग चालतो. फोल्डर सी ड्राइव्हवर असेल तर हे सगळं त्याच्याच डोक्यावर पडतं, तेव्हा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा. रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल करू नका आणि मिळालेल्या फाइल्सही तिथे सेव्ह करू नका, वाचवायला गेलात आणि तुम्हीच पुसलंत असं होईल.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर पैसे द्यायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरी फुकट आहे, डी वरचं ई वर असं काढतं, आपल्या फोल्डरचं नाव घाला:

```
winfr D: E: /regular /n \Photos\*.jpg
```

त्यात नाही आलं तर फोटोरेक. तो नोंदी बघतच नाही, सरळ डिस्क वाचून जेपीईजीची सुरुवात कुठे दिसते ते शोधतो, म्हणून फाइल्सची मूळ नावं आणि फोल्डर मिळत नाहीत आणि तुकड्यांत साठवलेली फाइल बिघडलेली येऊ शकते.

हे आधी विचारायला हवं होतं, पण तुमच्यात हार्ड डिस्क आहे की एसएसडी? वरचं सगळं हार्ड डिस्कचं आहे. एसएसडीला विंडोज डिलीट होताच ट्रिमचा निरोप पाठवतं की ही जागा आता नको, आणि मग तिथे वाचायला गेलं तर बहुतेक वेळा नुसते शून्य मिळतात. तिथे फारशी आशा ठेवू नका, आधी व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवलेले फोटो आणि वनड्राइव्हचा रिसायकल बिन बघा.

आणि घरात कोणी "गेलं ते गेलं" म्हणत पेन ड्राइव्ह घेऊन आलं तर लावू देऊ नका. आजी आता नाहीये, त्या 22 फाइल्स पुन्हा रेकॉर्ड होणार नाहीत.