कांदाचाळीचा शासन निर्णय गावाला सांगताना ‘यापैकी जे कमी असेल ते’ कधीही गाळू नका

प्रश्न : कांदाचाळ अनुदानाचा शासन निर्णय मला गावात सोप्या भाषेत वाचून दाखवायला सांगितलाय. मी कृषीचा नाही. लोकांना समजेल असं कसं सांगू?

कृषीचे नाही आहात हे बरंच आहे. मी बीएस्सी ॲग्री आहे आणि आमच्या गावात, चांदवड तालुक्यात, पहिल्या वेळी याच निर्णयाने माझ्या सख्ख्या मामाचं नुकसान झालं. मी तिथे हजर होतो, मोबाइलमध्ये तोच कागद उघडा होता आणि मी गप्प बसलो.

गोष्ट 2018 ची आहे. मारुतीच्या पारावर संध्याकाळी चाळीस-पन्नास माणसं जमलेली. वाचायला माझा चुलतभाऊ उभा राहिला. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, तेव्हा तो उपसरपंच होता. त्याने पाच पानांचा कागद हातात धरला आणि म्हणाला, “यात काय नाही, चाळ बांधा, निम्मे पैसे सरकार देणार.” लोकं खूश झाली. कागदात खरं वाक्य असं होतं, की प्रत्यक्ष खर्चाच्या 50 टक्के किंवा प्रति मेट्रिक टन 3,500 रुपये, यापैकी जे कमी असेल ते, आणि चाळ जास्तीत जास्त 25 टनांची. म्हणजे कितीही भारी चाळ बांधली तरी 87,500 च्या वर एक रुपया नाही. मी हळूच म्हणालो, “दादा, मर्यादा सांग ना.” तो म्हणाला, “तू पुस्तकं वाचलीस, मला गाव कळतं. एवढं खोलात शिरलं की लोकं घाबरतात, अर्जच करत नाहीत.” मोठा भाऊ, चारचौघांत, म्हणून मी पुढे बोललो नाही.

रात्री मामा घरी आला. “भाच्या, पन्नास टक्के ना रे?” मी “हो” म्हणालो. ते “हो” मला अजून टोचतं.

मामाने पूर्वसंमतीचं पत्र येईपर्यंत थांबून, सगळं रीतसर करून चाळ बांधली. लोखंडी अँगल, चांगले पत्रे, जाळी, खाली सिमेंटचे खांब. खर्च गेला 2,60,000 वर. त्याच्या डोक्यात हिशेब पक्का होता, 1,30,000 परत येणार. त्या भरवशावर त्याने आडत्याकडून उचल घेतली.

मग मोजणीला माणूस आला. इथे दुसरी चूक निघाली आणि ती जास्त महाग पडली. निर्णयाच्या शेवटी परिशिष्टात चाळीचा आराखडा जोडलेला असतो. तो दादाने वाचलाच नव्हता, कारण त्यात चित्र आणि मापं असतात, “वाचण्यासारखं” काही नसतं. पाखी म्हणजे कांदा भरायचा लांब कप्पा. आराखड्यात दोन पाखी चाळीची प्रत्येक पाखी चार फूट रुंद. मामाने जागा कमी म्हणून लांबी तीस फूट धरली आणि पाखी साडेपाच फुटांची केली. त्याच्या मते कांदा तेवढाच मावत होता, आणि मावतही होता. पण रुंदी आराखड्यात बसेना. शेवटी जाळी आत घेऊन पाख्या चार-चार फुटांच्या कराव्या लागल्या आणि मग मोजमाप झालं.

हा हिशेब पारावर करून दाखवता येतो, तो असा. कांद्याचा थर पाच फूट उंच धरायचा. तीस फूट लांब, चार रुंद, पाच उंच म्हणजे एका पाखीत 600 घनफूट, दोन्ही मिळून 1,200. एक टन कांद्याला ढोबळ 60 घनफूट जागा लागते. म्हणजे चाळ 20 टनांची. 20 गुणिले 3,500, झाले 70,000. तीच चाळ चाळीस फूट लांब असती तर 1,600 घनफूट, म्हणजे 25 टन भरून वर थोडं उरलं असतं आणि 87,500 मिळाले असते. मामाला 1,30,000 ची आशा होती, हातात आले 70,000. मधले 60,000 आडत्याच्या उचलीत अडकले आणि दिवाळीपर्यंत ठेवायचा उन्हाळी कांदा आषाढातच त्याच्या आडतीवर न्यावा लागला. ज्यासाठी चाळ बांधली तेच झालं नाही.

म्हणून सांगतो, “सोप्या भाषेत” म्हणजे “थोडक्यात” नव्हे. माझं दादाशी भांडण आहे ते एवढंच. शब्द सोपा करा, अट गाळू नका. ‘अनुज्ञेय’ आलं तर “मिळू शकेल” म्हणा. ‘निधीच्या उपलब्धतेच्या अधीन राहून’ आलं तर “वरून पैसा आला तरच, आणि आला तेव्हा” असं स्पष्ट म्हणा. पण ‘जे कमी असेल ते’ या चार शब्दांवर दहा मिनिटं थांबा. नुसतं सांगून कळत नाही, तीन बिलं करून दाखवावी लागतात. तिन्ही चाळी 25 टनांच्या धरा. एकाने 1,20,000 खर्च केले, निम्मे 60,000, ते 87,500 पेक्षा कमी, म्हणून 60,000. दुसऱ्याने 1,75,000 केले, निम्मे बरोबर 87,500. तिसऱ्याने आमच्या मामाएवढे 2,60,000 केले, निम्मे 1,30,000, पण मिळणार 87,500च. तिसरं बिल ऐकलं की पारावर कोणीतरी आपणहून म्हणतं, “म्हणजे पावणेदोन लाखांच्या वरचं सगळं आपल्या खिशातलं.” ते वाक्य तुम्ही बोलू नका, त्यांच्यातून येऊ द्या.

मापांचंही तसंच. दोन वर्षांनी वाचायचं काम मी मागून घेतलं तेव्हा परिशिष्ट वाचलंच नाही. देवळापुढच्या पटांगणात दोरी आणि फक्की घेऊन चाळीस फूट लांब, चार फूट रुंद अशा दोन पाख्या आखल्या आणि मधे हवेची मोकळी वाट ठेवली. बायका आधी आत येऊन उभ्या राहिल्या, कारण चाळीत कांदा निवडायला रोज त्याच जातात. मग प्रश्न आला, “चारच फूट का? सहा केली तर कोणाचं काय जातं?”

हे उत्तर तुम्हाला द्यावंच लागेल, नाहीतर लोकांना वाटतं साहेबांचा हट्ट आहे. कांदा साठवणीतही श्वास घेतो, त्यातून ऊब आणि ओल सुटते. ती बाजूच्या जाळीतून आणि खालून बाहेर पडली पाहिजे. पाखी चार फुटांची असेल तर मधल्या कांद्यापर्यंत दोन्हीकडून वारा पोचतो. रुंद केली की मधला कांदा घामाघूम होतो, आधी वास येतो, मग काजळी धरते, मग पाणी सुटतं. बाहेरून रास छान दिसते आणि फोडली की पोटात सडकी निघते. पाच फुटांच्या वर रास गेली तर खालच्या थरावर भार येऊन तो दबतो. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला असतो तोही वाऱ्यासाठीच. तिथे शेळ्या बांधू नयेत, पोत्यांची थप्पी लावू नये. दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम आणि एक पाखी दक्षिणोत्तर बांधतात, त्यामागेही वारा आणि ऊनच आहे. मामाला मोजणीवाल्याचा राग होता, पण त्याच वर्षी साडेपाच फुटांच्या पाखीत भरला असता तर कांदा मधेच गेला असता हे त्याने नंतर स्वतः मान्य केलं. आराखड्याची अट पैसे अडवायला नाही, कांदा टिकवायला आहे. दादाला हे कळलं नव्हतं, कारण त्याने ते पान उलटलंच नाही.

पूर्वसंमतीचं मात्र दोन वाक्यांत सांगा आणि जोरात सांगा. पत्र हातात येण्याआधी खड्डा खणला, बिल फाडलं, तर ती चाळ अनुदानात धरत नाहीत. अडचण अशी की अर्ज हिवाळ्यात, पत्र कधी येईल त्याचा नेम नाही, आणि उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढून खळ्यावर पडलेला. माणूस थांबत नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी अशीच चाळ आधी उभी केली आणि संमती नंतर आली. तारखा जुळेनात, काही मिळालं नाही. ज्याला या हंगामातच चाळ हवी त्याने अनुदान विसरून बांधावी किंवा यंदा बांबू आणि उसाच्या पाचटावर भागवावं. दोन्ही एकदम होत नाही, हे तोंडावर सांगायला लाजू नका.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. वरचे दर त्या वर्षीचे आहेत. दर आणि टनांच्या मर्यादा नंतर बदलल्या, तेव्हा आकडा तुमच्या हातातल्या कागदातूनच घ्या, माझ्या उत्तरातून किंवा कोणाच्या स्टेटसवरून नको. कागद खरा आहे का ते बघायला शेवटच्या पानावर जा. तिथे संकेतस्थळाचा उल्लेख आणि लांबलचक संकेतांक असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून निर्णय सापडला तरच वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पत्रात बहुधा तो नसतोच. अर्ज आता सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर होतात आणि 2025 पासून सोडत जाऊन आधी अर्ज करणाऱ्याला आधी अशी पद्धत आली आहे. शेतकरी ओळख क्रमांक नसेल तर तो आधी काढायला लावा. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी, म्हणजे ई-पीक पाहणी केलेली असावी. ज्याच्या नावावर जमीन त्याच्याच नावाने अर्ज, एकत्र कुटुंबात इथे हमखास घोळ होतो.

दादाचं म्हणणं अजून तेच आहे, की मी वाचल्यापासून गावातून अर्ज कमी जातात. जातात, खोटं नाही. पहिल्या वर्षी चौदा गेले होते, मी वाचलं त्या वर्षी सहा. पण त्या सहाही चाळी पहिल्याच मोजणीत बसल्या आणि एकालाही जाळी उचकटावी लागली नाही. चौदांतल्या किती जणांनी माझ्या मामासारखी उचल घेतली ते दादाने कधी विचारलं नाही. मी घरोघर जाऊन विचारलं. पाच.

वाचायला उभं राहण्याआधी एक मोजपट्टी, दोरी आणि किलोभर फक्की बरोबर घ्या. आणि सुरुवातीलाच विचारा, कोणी चाळीचं काम काढून बसलंय का. असेल तर त्याला बाजूला घेऊन आधी पूर्वसंमतीचं सांगा, बाकीचं नंतर.