मार्चअखेर बचत गटाचं व्याज वाटताना

ताई, आधी कर्ज खतावणीतलं फक्त जमा झालेलं व्याज घ्या आणि ते रोकड वहीशी जुळवा. कापसावर कर्ज घेतलेल्या बायांचं थकलेलं व्याज यात धरू नका. हातात न आलेला पैसा वाटला तर मुद्दल कमी होतं. बँकेला भरलेलं व्याज आणि खर्च वजा करा.

समजा, नव्या गटात 7,230 रुपये उरले. नऊ जणी एप्रिलपासून महिन्याला 100 भरतात, दहावी ऑक्टोबरात आली. नुसत्या बचतीवर वाटलं तर तिला सुमारे 380 जातात. ते बरोबर नाही, कारण तिचा पैसा कमी काळ फिरला.

म्हणून प्रत्येक हप्ता जितके महिने गटात राहिला, तितक्याने गुणा. एप्रिलचे 100 गुणिले 12, मेचे 100 गुणिले 11, असं मार्चपर्यंत. जुनीची बेरीज 7,800 होते, नवीची 2,100, साऱ्या गटाची 72,300. 7,230 भागिले 72,300 म्हणजे बेरजेतल्या दर रुपयामागे 10 पैसे. जुनीला 780, नवीला 210.

हप्ता उशिरा भरला असेल तर भरलेल्या महिन्यापासूनच मोजा. सगळ्यांचे वाटे मिळून 7,230 झाले नाहीत, तर बहुधा बेरजेत किंवा गुणाकारात चूक झालेली असते; हप्ता चुकीच्या महिन्यात धरला तरी वाट्यांची बेरीज जुळते, म्हणून महिने वेगळे तपासा.