दर वाढवला की तूट जाते? पेन्शन फंडाच्या देण्यांविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न: सरासरी आयुर्मान 72 वर्षं आहे. मग साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याची पेन्शन 12 वर्षंच धरायची ना?

नाही. 72 हा आकडा जन्माच्या वेळचा असतो आणि त्यात लहानपणी, तरुणपणी दगावलेलेही मोजलेले असतात. साठी गाठलेला माणूस ती सगळी वळणं पार करून आलेला असतो. त्यामुळे त्याचं उरलेलं आयुष्य 12 वर्षांपेक्षा बरंच जास्त निघतं. शिवाय अ‍ॅक्च्युअरी म्हणजे पेन्शनच्या देण्यांचा हिशोब मांडणारा तज्ज्ञ एकच सरासरी घेऊन बसत नाही. कोणत्या वयात किती माणसं दगावतात हे दाखवणाऱ्या मृत्युदर तक्त्यावरून 61 व्या, 62 व्या अशा प्रत्येक वर्षी माणूस हयात असण्याची शक्यता काढून त्या-त्या वर्षीच्या पेन्शनला तो तिने गुणतो. तुमच्या फंडाला कोणता तक्ता लावलाय, हे त्याच्या अहवालाच्या गृहीतकांत पाहा.

प्रश्न: डिस्काउंट रेट वाढला की देणं वाढतं का?

कमी होतं. डिस्काउंट रेट म्हणजे पुढे द्यायच्या पैशांचं आजचं मूल्य काढताना धरलेला वार्षिक दर. तो जितका मोठा, तितकी आजची रक्कम लहान.

प्रश्न: आमच्या फंडात तूट आहे. सल्लागार म्हणतात, पैसे रोख्यांतून शेअरमध्ये वळवा. परतावा जास्त म्हणून दर 6 वरून 8 टक्के धरता येईल आणि तूट राहणार नाही. हे बरोबर आहे का?

ही युक्ती मला दरवर्षी कुणी ना कुणी नव्याने सांगतं. आधी हिशोब करू. फंडात दोनच माणसं आहेत, एक साठ वर्षांचा, दुसरा चाळीस. दोघांनाही साठीनंतर 20 वर्षं, दर वर्षअखेरीस 1 लाख द्यायचे आहेत. सोपं जावं म्हणून दोघंही तेवढी वर्षं जगतात असं धरू. 6 टक्क्यांनी पहिल्याच्या पेन्शनचं आजचं मूल्य 11.47 लाख आणि दुसऱ्याचं 3.58 लाख, म्हणजे एकूण 15.05 लाख. फंडात आहेत 12 लाख, म्हणून तूट 3.05 लाख. आता दर 8 करा. तेच आकडे 9.82 आणि 2.11 होतात, बेरीज 11.93. तूट गेली, वर 7 हजार शिल्लक! चाळिशीतल्याचं देणं तर चाळीस टक्क्यांहून जास्त घसरलं, कारण त्याचे पैसे जितके लांबचे, तितका दराचा फटका मोठा.

पण द्यायचा 1 लाख तेवढाच आहे. समजा तूट नाही म्हणून कुणी जादा वर्गणी भरली नाही आणि प्रत्यक्षात परतावा मिळाला 6 टक्केच. पहिल्याची वीस वर्षं नीट पार पडतील. तोवर दुसरा साठीला येईल आणि फंडात उरलेले असतील 1.70 लाख. पहिल्या वर्षीची पेन्शन निघेल, दुसऱ्या वर्षी पूर्ण 1 लाखही निघणार नाहीत. पुढची अठरा वर्षं कोण देणार, हे सल्लागारांना विचारा. आणि हो, शेअर खरेदीवर त्यांना दलाली मिळते का, तेही विचारून घ्या.

तुम्ही दिलेलं वचन पक्कं आहे, मग त्याची किंमतही पक्क्या परताव्यानेच काढायला हवी. आंतरराष्ट्रीय लेखामानक IAS 19 म्हणूनच फंडाची गुंतवणूक कशात आहे हे पाहत नाही. उच्च प्रतीच्या कंपनी रोख्यांवरचा परतावा घ्या, असं ते सांगतं. अशा रोख्यांची भरपूर उलाढाल होणारी बाजारपेठ नसेल तर सरकारी रोख्यांवरचा. रोख्यांची मुदतही देण्याच्या मुदतीशी जुळणारी हवी. वर्गणी ठरवताना काही नियमांत अपेक्षित परतावा चालतो, तिथेही तो कमी पडला तर काय होईल हे लिहून मागा. शेअर घेऊ नका असं मी म्हणत नाही. शेअर चढले तर चढल्यावर मोजा, आधी नको. अहवालात दर अर्धा-एक टक्का कमी धरला तर देणं किती होतं, याचा तक्ता असतो. विश्वस्तांनी आधी तो पाहावा आणि सही करण्यापूर्वी दुसऱ्या अ‍ॅक्च्युअरीचं मत घ्यावं.

प्रश्न: आमचा मृत्युदर तक्ता जुना आहे. बदलला तर देणं वाढेल, म्हणून व्यवस्थापन "पुढच्या वर्षी पाहू" म्हणतं.

गेल्या वर्षीही तेच म्हणाले असतील. वरच्याच उदाहरणात साठीचा माणूस 20 ऐवजी 22 वर्षं जगला, तर 6 टक्क्यांनी 11.47 चे 12.04 लाख होतात, म्हणजे पाच टक्के वाढ. तक्ता बदला वा न बदला, ती दोन वर्षांची पेन्शन द्यावीच लागणार. तक्त्याप्रमाणे गेल्या काही वर्षांत किती मृत्यू अपेक्षित होते आणि किती झाले, हे अ‍ॅक्च्युअरीकडून मागवा. वर्षानुवर्षं अपेक्षेपेक्षा कमी होत असतील तर तक्ता मागे पडलाय. मोठी पेन्शन घेणारे सहसा जास्त जगतात, म्हणून ही तुलना माणसांच्या संख्येबरोबर पेन्शनच्या रकमेनेही करून घ्या. मात्र फंडात शे-दोनशेच माणसं असतील तर एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. तिथे अ‍ॅक्च्युअरीला मोठ्या गटाचा अनुभव आधाराला घ्यावा लागतो.

प्रश्न: व्हॅल्युएशनमध्ये देणं वाढलं की चालू पेन्शन कापतात, असं ऐकलं. खरं आहे का?

व्हॅल्युएशन म्हणजे देण्याचं आजचं मूल्य काढणं, त्याने पेन्शन बदलत नाही. ती ठरते योजनेच्या नियमांनी. ऐकीव गोष्टी सोडा, नियमांची प्रत मागवा आणि कपातीचं कलम असेल तर विश्वस्तांना लेखी विचारा.