रोझहिप खवटतं, हे बाटली देणारं कुणी सांगत नाही

प्रश्न: माझी त्वचा फार कोरडी आहे. जोजोबा, स्क्वालेन आणि रोझहिप यांपैकी चेहऱ्याला कोणतं तेल चांगलं? मॉइश्चरायझरच्या आधी लावायचं की नंतर?

स्क्वालेन घ्या, रात्री लावा आणि मॉइश्चरायझरच्या नंतर लावा. घाई असेल तर एवढं पुरे. मला घाई नाही, कारण या रोझहिपवरून, म्हणजे रानगुलाबाच्या फळातल्या बियांच्या तेलावरून, माझ्या घरात दोन वर्षं एक वाद अडून बसलाय.

आमचा वेंगुर्ल्याकडे खोबरेलाचा घाणा आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून तेलाच्या वासातच आहे. खोबरं ओलं राहिलं तर तेल खवट होतं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. वाटी हाताने मोडून आवाजावरून सांगते, अजून दोन उन्हं हवीत की नाही ते. त्यामुळे 'तेल खराब होणं' म्हणजे काय हे आपल्याला कळतं, असा माझा समज होता. चूक तिथेच झाली.

मुंबईच्या वन्संनी गणपतीत रोझहिपची 30 मिलीची बाटली आणून दिली. पारदर्शक काच, आत केशरी तेल, दिसायला सुंदर. मी ती स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत ठेवली, जिथे दुपारनंतर ऊन येतं. रात्री तोंड धुवायचं, पुसून कोरडं करायचं आणि तीन थेंब चोळायचे. डिसेंबरात पहाटेचा मतलई वारा सुटला की आमच्याकडे ओठ, गाल सगळं ताणायला लागतं. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. चेहरा वरून तुकतुकीत दिसायचा आणि आतून तसाच ताणलेला असायचा. मला वाटलं थेंब कमी पडतायत, म्हणून पाच केले. फरक शून्य.

मार्चपासून गालांवर चुरचुर सुरू झाली. मग लाली, मग बारीक पुरळ. शिमग्याला वन्सं आल्या, त्यांनी चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, तुमची त्वचा घाण्याच्या धुराने राठ झालीय. अशी नाजूक तेलं तुम्हाला सोसायची नाहीत." शिवाय हात धुऊन लावतेस ना, असंही विचारलं. मी! दिवसातून वीस वेळा साबणाने हात धुणारी बाई.

उलगडा सासऱ्यांनी केला, तोही न विचारता. खिडकीतली बाटली त्यांनी कसलं औषध म्हणून उघडली, नाकाजवळ नेली आणि म्हणाले, "गो, ह्या त्याल खवाट झालाहा." मी वास घेतला. रोज लावत असल्यामुळे नाकाला तो वास सवयीचा झाला होता. पण आता बोट ठेवून सांगितल्यावर कळलं की सुतार दाराला अळशीचं तेल लावतो ना, अगदी तसला वास. ड्रॉपरच्या गळ्याशी चिकट पिवळसर कडाही धरली होती. रंग केशरीचा फिका पिवळा झाला होता, तो मी 'तेल निवळलं' असं समजले होते!

तेल दोन तऱ्हांनी बिघडतं. एक ओलाव्याने, जी आम्हा घाणेवाल्यांना माहीत असते. दुसरी हवा, उजेड आणि उष्णतेने, जिच्याशी खोबरेलाचा फारसा संबंधच येत नाही. खोबरेलातली 90 टक्क्यांच्या आसपास चरबी संपृक्त असते, तिच्यात हवेतल्या ऑक्सिजनला धरायला जागाच नसते. रोझहिप नेमकं उलटं. त्यातलं साधारण निम्मं तेल लिनोलेइक आम्लाचं आणि पाव ते तिसरा हिस्सा लिनोलेनिक आम्लाचं असतं. हे लिनोलेनिक म्हणजे अळशीच्या तेलात असतं तेच, ज्याच्यामुळे अळशीचं तेल लाकडावर सुकून पापुद्रा धरतं. सुताराच्या कामाला ते गुण, तुमच्या गालाला तो अवगुण. खवटताना तयार होणारे पदार्थ त्वचेला चुरचुरतात.

आता हिशेब करा. माझ्या ड्रॉपरने 1 मिलीत 25 थेंब पडतात, मी मोजलेत. म्हणजे 30 मिलीत 750 थेंब. रात्री तीन थेंब धरले तर 250 रात्री, आठ महिन्यांहून जास्त. आणि रोझहिप उघडल्यावर सहा महिन्यांत संपवावं असं साधारण सांगतात, तेही थंड अंधाऱ्या जागी ठेवलं तर. आमच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात, उन्हाच्या खिडकीत, ते तेवढंही टिकणार नाही. म्हणजे ती बाटली संपायच्या आत बिघडणारच होती, मी कितीही हात धुतले तरी.

बाटली बंद केल्यावर बारा-पंधरा दिवसांत चेहरा शांत झाला. पण वन्संचं 'सोसत नाही' डोक्यात बसलं होतं. म्हणून 10 मिलीची ताजी बाटली मागवली, गडद काचेची. चार रात्री डाव्या हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला जुनं तेल आणि उजव्याला नवं. तिसऱ्या रात्रीपासून डावीकडे खाज, उजवीकडे काही नाही. याला कुणी शास्त्र म्हणू नका. माझ्यापुरता निकाल लागला, एवढंच.

तर तुमची तीन तेलं. स्क्वालेन हे आपल्या त्वचेच्या स्निग्धातच असलेल्या स्क्वालीनचं पक्कं केलेलं रूप. स्क्वालीन हवेने लवकर बिघडतं, म्हणून त्यात हायड्रोजन भरून घेतात. वनस्पती तुपाचा कारखाना तेलाला करतो त्याच जातीची ही क्रिया, फक्त स्क्वालेन घट्ट होत नाही, पाण्यासारखं पातळ राहतं. 'केमिकल आहे' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आधी आपला खवट 'नैसर्गिक' वास घ्यावा. स्क्वालेनला वास नाही, रंग नाही, खिडकीत विसरलात तरी सहज खवटत नाही. पूर्वी ते शार्कच्या यकृतातून काढत, आता ऑलिव्हचं आणि उसाचंही मिळतं. लेबल वाचून घ्या. मासे खाणारी माणसं आहोत आम्ही, पण चेहऱ्यासाठी शार्क मारायचा, हे काही पटत नाही.

जोजोबा नावाला तेल, खरं तर पातळ मेण आहे. वाळवंटी झुडपाच्या बियांचं, आपल्याकडे राजस्थानात लावतात. तेही टिकाऊ. स्क्वालेनपेक्षा जरा जड, चेहऱ्यावर वर थर धरून राहतं. फार कोरड्या गालांना थंडीत ते जास्त आवडेल, आमच्यासारख्या दमट हवेत मार्चनंतर चिकचिक वाटेल. फ्रिजमध्ये ठेवलंत आणि गोठलं तर घाबरू नका, बाहेर काढल्यावर पातळ होतं.

रोझहिप वाईट नाही, ताजं असेल तर. लिनोलेइक त्वचेच्या पडद्याला उपयोगी असतं. फक्त 'व्हिटॅमिन सी भरपूर' हे वाचून घेऊ नका. ते फळाच्या गरात असतं आणि पाण्यात विरघळतं. तेल निघतं बियांचं. घ्यायचंच तर 10 किंवा 15 मिली, गडद बाटली, फ्रिजमध्ये, आणि उघडल्याची तारीख बाटलीवर लिहायची. पहिल्या दिवशीचा वास लक्षात ठेवा. पुढे शंका आली तर एक थेंब कोऱ्या कागदावर टाकून घराबाहेर जाऊन हुंगा, फोडणीच्या वासात काही कळत नाही.

आणि लावायचं कधी, ते. माझं डिसेंबरातलं 'तुकतुकीत पण ताणलेलं' इथे सुटतं. तेल त्वचेला पाणी देत नाही, असलेलं पाणी उडायचं जरा कमी करतं. मी पुसून कोरडा केलेल्या चेहऱ्यावर तेल चोळत होते, म्हणजे रिकाम्या हंड्यावर झाकण. आता सौम्य फेसवॉशने तोंड धुते, टॉवेलने नुसतं टिपते, ओलसर असतानाच ग्लिसरीन असलेलं साधं मॉइश्चरायझर लावते, आणि मिनिटभराने स्क्वालेनचे दोन-तीन थेंब तळहातावर चोळून चेहऱ्यावर दाबते. घासत नाही. घासलं की खालच्या क्रीमचे वळकटे निघतात. त्याच क्रीममध्ये तळहातावर दोन थेंब मिसळलेत तरी चालतं, मी घाईत तसंच करते. तेल मॉइश्चरायझरच्या आधी लावलंत तर क्रीममधल्या पाण्याला आत जायला अडचण तुम्हीच केलीत.

सकाळी तेल नको. वर सनस्क्रीन लावायचं असतं, तेलावर ते सरकतं, नीट थर धरत नाही. आणि आमच्या किनाऱ्यावर दहा वाजता घामाने दोन्ही मानेवर उतरतात.

खोबरेलाचं विचारणार असाल तर, घाणेवाली असूनही सांगते: अंगाला, केसांना, हातापायांना बिनधास्त. चेहऱ्याला सगळ्यांना नाही. माझ्या धाकटीच्या कपाळावर त्याने बारीक पुटकुळ्या येतात, सासूबाई मात्र सत्तरीतही तेच लावतात आणि त्यांच्या गालाला काही झालेलं नाही. टाचांच्या भेगांना कोकमाचं मुठेल, त्याला तोड नाही, पण ते चेहऱ्यावर थापू नका, फार घट्ट आहे.

हे आधी लिहायला हवं होतं: नाकाच्या कडेला, भुवयांत खपल्या धरत असतील, किंवा लाली आणि खाज असेल, तर तो साधा कोरडेपणा नसेल. तिथे बरीचशी तेलं त्रास वाढवतात, कारण त्वचेवरच्या एका बुरशीला तेलातली आम्लं खाद्य म्हणून चालतात. स्क्वालेनमध्ये ती नसतात, तरी आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. कोणतंही नवं तेल आधी चार रात्री कोपराच्या आत लावून पाहा.

वन्संना मी हे सगळं यंदाच्या गणपतीत सांगितलं, कागदावरचा थेंब हुंगायलाही दिला. त्या म्हणाल्या, "वास तर येतोय, पण राठ त्वचेचं कारण वेगळंच असणार." त्यांच्या बाटलीवर तारीख लिहिलेली नव्हती. मी पेन दिलं, तर म्हणाल्या, घरी गेल्यावर लिहीन.